नव्या फोनवर कार्ड दिसतंय, पण मशीनवर चालत नाही

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या दोन वर्कशॉपचे हिशेब मी बघतो. कामाच्या यादीत कुठेही लिहिलेलं नसलं तरी कुणाचाही फोन बदलला की तो माझ्या टेबलावर येतो. तक्रार दरवेळी एकच असते: "सगळं कॉपी झालंय, फक्त पैसे जात नाहीत." गेल्या वर्षभरात हे मी सहा-सात वेळा निस्तरलं असेल. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय, पुढच्या वेळी ही लिंकच पाठवता येईल.

उदाहरण आमच्या मालकांचं, आण्णांचं घेतो, कारण त्यांच्या बाबतीत होण्यासारखं सगळं एकाच शनिवार-रविवारात झालं.

शुक्रवारी दुपारी आण्णांनी राजारामपुरीतून नवा अँड्रॉइड फोन घेतला. दुकानातल्या पोरानं केबल लावून जुन्यातलं सगळं नव्यात ओढून घेतलं. फोटो आले, व्हॉट्सअ‍ॅप आलं, नातीचा आवाज असलेली रिंगटोनसुद्धा आली. पैशांच्या अ‍ॅपची चिन्हं जुन्या फोनवर होती त्याच जागी बसली. आण्णा खूश होऊन निघाले आणि येताना पंपावर थांबून पाचशेचं पेट्रोल भरलं. नवा फोन मशीनला लावला, काहीच झालं नाही. दोनदा, तीनदा लावला. मागं रांग लागली. शेवटी खिशातला जुना फोन काढून लावला. त्यात आता सिमही नव्हतं, तरी एका झटक्यात पैसे गेले.

कारखान्यात येऊन मला म्हणाले, "अरे, सिम नसलेला फोन पैसे देतोय आणि पंचवीस हजाराचा नवा फोन देत नाही. हे काय गौडबंगाल?"

सगळी भानगड या एका प्रसंगात आहे, म्हणून आधी तो समजून घेऊ.

कार्ड फोनमध्ये नसतंच

आपण फोनमध्ये कार्ड 'टाकतो' तेव्हा कार्डाचा सोळा आकडी नंबर फोनमध्ये साठवला जात नाही. व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांच्याकडून त्या कार्डासाठी वेगळाच एक नंबर तयार होतो. त्याला टोकन म्हणतात. हे टोकन तीन गोष्टींची मोट असते: तुमचं कार्ड, तुम्ही वापरता ते अ‍ॅप आणि तुमच्या हातातला तो एक फोन. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी 2019 मध्ये याला परवानगी दिली तेव्हापासून ही पद्धत अशीच आहे. तिघांपैकी एक बदललं की टोकन निरुपयोगी होतं. केबलनं फोटो हलतात, टोकन हलत नाही. ते हलू नये म्हणूनच तसं बांधलेलं असतं. नाहीतर तुमच्या फोनची कॉपी काढणाऱ्याकडे तुमचं कार्डही गेलं असतं.

म्हणून आण्णांचा जुना फोन चालला. टोकन त्याच्यातच होतं, आणि टॅप करून पैसे द्यायला सिम लागत नाही. थोडे व्यवहार इंटरनेट नसतानाही होतात. नव्या फोनमध्ये अ‍ॅप होतं, आण्णांचं गूगल खातं होतं, त्यामुळे कार्डाचं नाव आणि शेवटचे चार अंकही दिसत होते, पण टोकन नव्हतं. कार्डाच्या चित्राखाली बारीक अक्षरात 'सेटअप पूर्ण करा' अशा अर्थाची ओळ असते, ती कुणी वाचत नाही. चित्र दिसलं म्हणजे कार्ड आलं, असं आपण धरून चालतो.

याची खात्री करायची असेल तर टॅप करून दिलेल्या पैशांची पावती बघा. तिच्यावर छापलेले शेवटचे चार अंक तुमच्या प्लास्टिकच्या कार्डावरचे नसतात, ते टोकनचे असतात. आण्णांच्या पंपावरच्या पावतीवर भलतेच चार अंक होते आणि ते बघून त्यांना आधी आपलं कार्ड कुणी चोरलं असंच वाटलं. फोनच्या अ‍ॅपमध्ये कार्ड उघडलं की तपशिलात आभासी नंबराचे हेच अंक सापडतात. नव्या फोनवर कार्ड पुन्हा टाकलं की हे अंक बदलतात. एखादी वस्तू परत करताना दुकानदार जुनी पावती जुळवायला मागेल तेव्हा हे लक्षात असू द्या.

गोंधळाचं आणखी एक कारण आहे. खरेदीच्या अ‍ॅपमध्ये 'सेव्ह' केलेलं कार्ड नव्या फोनवर लगेच चालतं. आण्णांच्या मुलीनं त्याच संध्याकाळी वडिलांच्या नव्या फोनवरून कसलीशी ऑर्डर दिली, तीन आकडे आणि ओटीपी टाकून पैसे गेलेही. मग टॅप का होत नाही? कारण ते टोकन वेगळ्या जातीचं आहे. 1 ऑक्टोबर 2022 पासून दुकानदाराला तुमच्या कार्डाचा नंबर स्वतःकडे ठेवता येत नाही, त्यालाही टोकनच ठेवावं लागतं. पण ते टोकन कार्ड आणि त्या दुकानदारामध्ये बांधलेलं असतं. तुमच्या फोनशी त्याचं देणंघेणं नाही. तुम्ही कुठूनही लॉगिन करा, ते तिथंच असतं. कार्डावर लावलेले दरमहाचे हप्ते आणि वर्गण्याही याच कारणानं फोन बदलल्यावर थांबत नाहीत.

(त्या कार्डाचा ओटीपी आण्णांच्या दुसऱ्या नंबरवर येतो. बँकेच्या नंबरचा तिढा पुढे येतोच.)

खरा घोळ सिमचा

टॅप चाललं नाही तर फार तर पंपावर ओशाळायला होतं. यूपीआय बंद पडलं तर कारखाना अडतो. आमच्याकडे शनिवारी आठवड्याचा पगार असतो आणि त्याच शनिवारी लोखंडी बारवाल्याला 38,400 रुपये द्यायचे होते. आण्णा हे दोन्ही फोनवरूनच देतात.

शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता यूपीआय अ‍ॅप उघडलं. नंबर विचारला, दिला. मग 'तुमच्या नंबरची खात्री करतोय' म्हणून चक्र फिरत राहिलं आणि खात्री झाली नाही. तीनदा केलं, तीनदा तेच.

चक्र फिरत असताना अ‍ॅप काय करतं, ते कळलं की अर्धी दुरुस्ती होते. इथं ओटीपी तुमच्याकडे येत नाही. उलट अ‍ॅप तुमच्या फोनमधून एक गुप्त मजकुराचा एसएमएस बाहेर पाठवतं. तो ज्या नंबरवरून आला तो नंबर बँकेत खात्याला जोडलेला आहे का, हे तपासलं जातं. जुळला की तुमचं यूपीआय त्या फोनला आणि त्या सिमला बांधलं जातं. म्हणजे बँकेतला नंबर ज्या सिमचा आहे ते सिम त्याच फोनमध्ये हवं आणि त्यातून एसएमएस बाहेर जायला हवा. वायफाय कितीही जोरात असलं तरी त्याचा इथं उपयोग नाही.

हा एसएमएस का जात नाही, याची कारणं मला नेहमी याच क्रमानं सापडतात. दोन सिम असतील तर अ‍ॅपनं भलतंच सिम निवडलेलं असतं. घाईत पहिल्या पर्यायावर बोट पडतं आणि पहिलं सिम बँकेचं नसतं. त्यानंतर रिचार्ज. डेटा आणि फोन चालू असतात, पण स्वस्तातल्या पॅकमध्ये बाहेर जाणारे एसएमएस नसतात आणि खात्यात दोन रुपयेही नसतात. हे तपासायला त्या सिमवरून शेजारच्याला एक साधा एसएमएस पाठवा. व्हॉट्सअ‍ॅप नको, हिरवा-निळा काही नको, जुना एसएमएसच. तो पोचला नाही तर अ‍ॅपला दोष देण्यात अर्थ नाही. तो पोचला आणि तरीही चक्र फिरत असेल, तर फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या अ‍ॅपला एसएमएसची परवानगी आहे का बघा. नव्या फोनवर ती पुन्हा द्यावी लागते, आणि फोन सुरू करताना 'नको, नको' म्हणत पुढे गेलेल्यांच्या बाबतीत ती हमखास नाकारलेली असते.

आण्णांच्या नंबरवरून मी माझ्या नंबरवर एसएमएस पाठवला, तो गेला नाही. मोबाइल कंपनीचं रिचार्ज तर भरपूर होतं. मग मी विचारलं, "दुकानात सिमचं काही केलं का?"

"काही नाही. या फोनला सिमची जागा एकच आहे, म्हणून त्या पोरानं एक नंबर ई-सिम करून दिला."

कोणता नंबर? बँकेतला.

झालं. सिम बदललं की, म्हणजे हरवलं म्हणून नवं काढलं, जुनं अपग्रेड केलं किंवा प्लास्टिकच्या सिमचं ई-सिम केलं, त्यानंतर पहिले 24 तास त्या नंबरचे येणारे आणि जाणारे दोन्ही एसएमएस बंद असतात. दूरसंचार विभागाचा हा नियम आहे. दुसऱ्याच्या नावावर सिम काढून खाती रिकामी करणाऱ्यांसाठी तो लावलाय आणि मला तो पटतो. तुमच्या नकळत कुणी तुमचं सिम काढलं, तर हा एक दिवस तुम्हाला जाग यायला मिळतो. पण दुकानातल्या पोराला ते माहीत नव्हतं, किंवा माहीत असून त्यानं सांगितलं नाही. फोन येतात, इंटरनेट चालतं, त्यामुळे सिममध्ये काही बिघाड आहे अशी शंकाही येत नाही.

या 24 तासांत यूपीआयची नोंदणी होत नाही. बँकेच्या अ‍ॅपची होत नाही. ओटीपी येत नाही, म्हणून टॅपसाठी कार्ड पुन्हा टाकता येत नाही आणि संगणकावरून नेट बँकिंगनं पैसे पाठवायचे म्हटलं तरी तिथं ओटीपीशी गाठ पडतेच. चारही वाटा एकाच एसएमएसवर येऊन थांबतात. कस्टमर केअरला फोन करून काही होत नाही. मी केला होता, अर्धा तास संगीत ऐकून "चोवीस तास थांबा सर" एवढंच मिळालं.

काय चालतं? प्लास्टिकचं कार्ड. एटीएममध्ये चिप आणि पिन लागतो, एसएमएस सहसा लागत नाही. आणि चेक. शनिवारी सकाळी आण्णांच्या सहीचा सेल्फ चेक घेऊन मी बँकेत गेलो आणि पोरांच्या पगाराचे 31,500 रोख आणले. महिन्याचा पहिला शनिवार होता म्हणून जमलं. दुसरा किंवा चौथा असता तर बँकच बंद आणि एटीएमच्या रोजच्या मर्यादेत बसेल तेवढ्यावर भागवावं लागलं असतं. बारवाल्याला मात्र मी फोन करून सोमवारपर्यंत थांबा म्हटलं. चेक घ्यायला तो तयार नव्हता, त्याला मेसेज वाजलेला ऐकायचा असतो.

आण्णांना दुसरी काळजी होती, गिऱ्हाइकांची. ऑफिसच्या काचेवर चिकटवलेल्या क्यूआरवर पैसे यायचे थांबतील का? थांबत नाहीत. यूपीआय आयडी बँकेच्या आणि अ‍ॅपच्या सर्व्हरवर खात्याला जोडलेला असतो, पैसे घ्यायला तुमचा फोन मध्ये लागत नाही. त्या शनिवारीही दोघांचे पैसे खात्यात आले, फक्त आण्णांना ते फोनवर दिसले नाहीत.

चालू झालं, पण पाचच हजार

शनिवारी पावणेपाचला एसएमएस सुरू झाले. अ‍ॅपमध्ये बरोबर सिम निवडलं, चक्र दोन सेकंद फिरलं आणि नंबर बांधला गेला. मग बँकेचं नाव निवडून खातं शोधायला लावलं, सापडलं.

इथं बरेच जण एक नको ते काम करतात. अ‍ॅप यूपीआय पिनबद्दल काहीतरी विचारतं आणि माणूस घाबरून 'पिन विसरलो' दाबतो, डेबिट कार्ड शोधतो, नवा पिन करतो. गरज नसते. यूपीआय पिन फोनमध्ये नसतो, बँकेकडे असतो. खातं तेच असेल तर जुनाच पिन चालतो. आधी बाकी रक्कम बघा, तिथं जुना पिन टाका. रक्कम दिसली की विषय संपला.

आण्णांनी मग लगेच बारवाल्याचे 38,400 पाठवले. परत आले. पिन बरोबर, खात्यात पैसे आहेत, तरी व्यवहार फसला. संदेशात मर्यादेचा उल्लेख होता, पण आण्णा म्हणाले, "माझी मर्यादा तर लाखाची आहे."

एरवी आहेच. पण यूपीआय नव्या फोनवर किंवा नव्या सिमवर बांधलं की पहिले 24 तास सगळे मिळून 5,000 रुपयांच्या वर जाता येत नाही. आयफोन घेतला असेल तर हाच अवधी 72 तासांचा असतो. मोजणी फोन विकत घेतल्यापासून नाही, बांधणी झाल्यापासून सुरू होते. आण्णांच्या बाबतीत सिमचे 24 तास संपले आणि तिथून यूपीआयचे 24 सुरू झाले. दोन्ही एकावर एक रचले गेले. शुक्रवारी दुपारी चारला घेतलेला फोन रविवारी संध्याकाळी पाचला खऱ्या अर्थानं कामाचा झाला.

या काळात रक्कम तुकड्यांत पाठवायचा प्रयत्न करू नका. मर्यादा एका व्यवहाराची नाही, सगळ्यांच्या बेरजेची आहे. आणि दुसरं यूपीआय अ‍ॅप टाकून पळवाट काढावी म्हणाल, तर ते अ‍ॅपही त्या फोनवर नवंच असतं. त्याला वेगळा एसएमएस, वेगळी बांधणी. फोनमध्ये तीन यूपीआय अ‍ॅप असतील तर हा सगळा विधी तीनदा करावा लागतो. यूपीआयला जोडलेलं रुपे क्रेडिट कार्ड असेल तर तेही यादीत परत आलंय का बघून घ्या, नसेल तर पुन्हा जोडा.

ऑटोपे, म्हणजे विम्याचा हप्ता वगैरे यूपीआयवरून आपोआप कापला जातो तो, बँकेकडे नोंदलेला असतो. तो फोनबरोबर जात-येत नाही. अ‍ॅपमध्ये ऑटोपेच्या यादीत एकदा नजर टाका, एवढंच.

आता टॅप

यूपीआय बसल्यावर कार्ड टाकायला घ्या. दहा मिनिटांचं काम आहे, आणि ओटीपी येतोय याची खात्री झाल्याशिवाय हात घालू नका. कारण ओटीपीच्या पायरीवर दोन-चारदा अडकलं की बँक काही वेळ तो प्रयत्नच बंद करते.

सगळ्यात आधी फोनमध्ये एनएफसी, म्हणजे फोन जवळ नेला की मशीनशी बोलणारी सोय, आहे का बघा. हसू नका. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच फोनमध्ये ते नसतं आणि दुकानात कुणी विचारत नाही. आमच्या एका फिटरनं जुन्यापेक्षा महागाचा फोन घेतला, कॅमेरा झकास, पण एनएफसीच नाही. जुन्या फोनमध्ये होतं. सेटिंगच्या शोधपट्टीत एनएफसी लिहून बघा, काहीच निघालं नाही तर कार्ड टाकायच्या फंदात पडू नका. आयफोन घेतला असेल तर गूगल पेचं टॅप तिथं नाही.

असेल तर फोनला पिन, पॅटर्न किंवा बोटाचं कुलूप लावा. कुलूप नसलेल्या फोनवर कार्ड टॅपसाठी बसत नाही. शिवाय नंतर कधी वैतागून कुलूप काढून टाकलंत, तर बसवलेलं कार्डही निघून जातं. मग अ‍ॅप उघडून कार्डाच्या चित्रावर दाबा आणि 'सेटअप पूर्ण करा' ला जा, नाहीतर कार्ड नव्यानं टाका. मागचे तीन आकडे, अटी मान्य, ओटीपी. बँकेकडून 'तुमचं कार्ड या उपकरणावर टोकन झालं' अशा अर्थाचा एसएमएस आला की समजायचं बसलं. हा एसएमएस पुसू नका. तुम्ही काही केलं नसताना असा एसएमएस आला, तर त्याच मिनिटाला बँकेला फोन करायचा असतो.

आता मशीनवर लावून बघा. पहिल्यांदा पंपावर नको, ओळखीच्या दुकानात, पन्नास-शंभर रुपयांना. आण्णांना घेऊन मी बिंदू चौकाजवळच्या आमच्या नेहमीच्या मेडिकलमध्ये गेलो. तिथं एका फेरीत दोन वेगळे बिघाड बघायला मिळाले.

पहिल्यांदा फोन लावला तर ना फोन थरथरला, ना मशीननं आवाज केला. कुणीच कुणाला ओळखलं नाही, म्हणजे अडचण बँकेपर्यंत पोचलेलीच नाही, ती फोनच्या अंगातच आहे. तेव्हा एनएफसी चालू आहे का, फोनचं कुलूप उघडलंय का आणि फोनची कोणती बाजू मशीनला लागतेय, एवढंच बघायचं. एनएफसीची तार बहुतेक फोनमध्ये पाठीच्या वरच्या भागात, कॅमेऱ्याच्या आसपास असते. आण्णा फोनचा खालचा भाग चिकटवत होते. शिवाय दुकानानं भेट दिलेल्या कव्हरला मागं लोखंडी कडी होती. कव्हर काढलं.

मग फोन थरथरला, पण पडद्यावर भलतंच अ‍ॅप उघडलं आणि त्यात कार्ड नाही असा संदेश आला. नव्या फोनबरोबर कंपनीचं स्वतःचं वॉलेट येतं आणि टॅपसाठी तेच आधीपासून निवडलेलं असतं. सेटिंगमध्ये एनएफसीच्या पानावर संपर्कविरहित पेमेंटसाठी कोणतं अ‍ॅप वापरायचं ते निवडता येतं. तिथं आपलं अ‍ॅप ठेवलं, तिसऱ्यांदा लावलं, 64 रुपये गेले. पावतीवरचे चार अंक अ‍ॅपमधल्या नव्या अंकांशी जुळले.

तिसराही एक प्रकार असतो, जो त्या दिवशी झाला नाही, पण वहिनींच्या फोनवर मी पाहिलाय. फोन थरथरतो, बरोबरचं चिन्ह दाखवतो, आणि मशीन मात्र 'नाकारलं' म्हणतं. म्हणजे फोननं आपलं काम केलं, बँकेनं नाही म्हटलं. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाखाली ऑनलाइन, परदेशी, संपर्कविरहित अशी चालू-बंदची बटणं असतात, त्यात संपर्कविरहित बंद असतं. ते चालू करायचं. आणि रक्कम 5,000 च्या वर असताना मशीननं पिन मागितला, तर तो बिघाड नाही. तिथं कार्डाचा पिन टाकायचा, यूपीआयचा नव्हे.

जुना फोन देण्याआधी

इथं मी चुकलो, आण्णा नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी मी जुना फोन ड्रॉवरमध्ये ठेवला आणि सोमवारपर्यंत कुणाला देऊ नका म्हटलं, इथवर ठीक. पण त्यात यूपीआय लाइट आहे हे मला सुचलंच नाही. आण्णा चहा-नाश्त्याचे, पार्किंगचे पैसे लाइटमधून देतात, पिन लागत नाही म्हणून. लाइटमधली बाकी त्या फोनवरच्या अ‍ॅपशी जोडलेली असते, नव्या फोनवर ती येत नाही. फोन बदलायच्या आधी जुन्या फोनवर लाइट बंद करायचं, म्हणजे उरलेले पैसे पिनशिवाय त्याच क्षणी खात्यात परत जातात. हे सिम जुन्या फोनमध्ये असतानाच करायचं. सिम काढल्यावर बरीच यूपीआय अ‍ॅप उघडतच नाहीत, आणि नव्या फोनवर बांधणी झाली की जुन्या फोनवरची तुटते.

आण्णांच्या लाइटमध्ये 1,312 रुपये होते. पैसे बुडत नाहीत, ते बँकेकडेच असतात. पण मग नव्या फोनवरच्या अ‍ॅपच्या मदत विभागात तक्रार नोंदवून वाट बघावी लागते. मी रविवारी नोंदवली, जुन्या फोनची तारीख आणि रक्कम लिहून.

बाकी जुन्या फोनचं काम सोपं आहे. नव्या फोनवर टॅप चाललं याची पावती हातात आली की जुन्या फोनच्या अ‍ॅपमधून कार्ड काढून टाका. पंपावर बघितलंच, ते टोकन सिमशिवायही जिवंत असतं. मग गूगल खातं काढून फोन पूर्ण रीसेट करा. केवळ अ‍ॅप पुसून एक्सचेंजमध्ये देऊ नका. फोन हरवलाच असेल, तर दुसऱ्या फोनवरून गूगल खात्यात जाऊन तो दुरूनच पुसता येतो. पुसला काय, नाही पुसला काय, बँकेला फोन करून त्या फोनवरचं टोकन बंद करायला सांगायचंच. त्यासाठी प्लास्टिकचं कार्ड ब्लॉक करावं लागत नाही.

गूगल वॉलेटमध्ये ठेवलेले विमानाचे पास, दुकानांची सभासद कार्डं यांतली बहुतेक त्याच खात्यानं लॉगिन केलं की येतात. पुढच्या आठवड्यात प्रवास असेल तर जुना फोन रीसेट करायच्या आधी नव्यावर पास उघडून बघा.

आता मी फोन बदलणाऱ्यांना असं सांगतो. महिन्याच्या मध्यात, पगार आणि मोठी देणी झाल्यावर बदला. आदल्या दिवशी लाइट रिकामं करा. शक्यतो बँकेतला नंबर प्लास्टिकच्या सिमवरच ठेवा आणि ई-सिम करायचंच असेल तर दुसरा नंबर करा. सिम तेच उचलून नव्या फोनमध्ये घातलं तर पहिले 24 तास वाचतात, एसएमएस लगेच चालतो आणि उरतो तो फक्त यूपीआयचा एक दिवस.

बारवाल्याचे पैसे रविवारी पाच वाजून दहा मिनिटांनी गेले. त्यानंतर आठवडाभरानं आण्णा फोन पुढे करत माझ्या टेबलाशी आले. खात्यात 1,312 रुपये जमा झाल्याचा मेसेज होता. म्हणाले, "हे कुणी पाठवलेत बघ जरा. एवढी अशी रक्कम कुणाचं बिल नाही आपल्याकडं."